पुळ्या जातात, खड्डे राहतात: मुलाच्या चेहऱ्याबद्दल डॉक्टरांना विचारलेले प्रश्न

"या वयात सगळ्यांनाच येतात, वीस-बावीसचा झाला की आपोआप जातील." ओंकारच्या चेहऱ्याकडे बघून आमच्या घरी येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट होती. माझ्याही पुळ्या पंचविशीत आपोआप गेल्या होत्या. गालांवरचे खड्डे मात्र आज सत्तेचाळिसाव्या वर्षीही जिथल्या तिथे आहेत. म्हणून सांगलीत त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे ओंकारला घेऊन गेलो, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता: थांबलं तर चालेल का?

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी तपासलं. ओंकार तेव्हा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. कपाळावर बारीक दाणे आणि काळी टोकं होती, पण खरा त्रास गालांवर आणि जबड्याच्या कडेला होता. तिथे त्वचेच्या खाली सुपारीएवढ्या दुखऱ्या गाठी होत्या. त्यांना तोंड नसायचं, आठवडेच्या आठवडे तशाच ठसठसत राहायच्या. मॅडमनी खोलीतला मोठा दिवा बंद करून छोट्या दिव्याचा उजेड गालावर बाजूने पाडला. मग दोन बोटांनी कातडी हलकी ताणून पाहिली. शर्ट काढायला लावून पाठ आणि छातीही पाहिली. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हालाही अशाच गाठी होत्या का?" होत्या. आई किंवा वडील यांच्यापैकी कुणाला असा त्रास झालेला असला, तर मुलाला तो जोरात होण्याची शक्यता वाढते, असं त्या म्हणाल्या.

मग उत्तर आलं. कपाळावरच्या बारीक दाण्यांसाठी थांबलं असतं तरी फार बिघडलं नसतं. या खोल गाठींसाठी थांबायचं नाही. तैलग्रंथीची नळी बुजते, आत तेल साठतं, तिथले जिवाणू वाढतात आणि सूज येते. ही सूज वरच्या वर राहिली, तर पुळी बसते आणि मागे काही उरत नाही. ती खोल गेली आणि ग्रंथीची भिंत आतल्या आत फुटली, तर आजूबाजूचं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आतून आधार देणारं जाळं, नष्ट होतं. भरून येताना ते पुरेसं तयार होत नाही आणि वरची कातडी आत खचते. सूज जितकी खोल आणि जितके दिवस राहील, तितकी खड्ड्याची शक्यता जास्त. "पुळ्या वयानुसार जातील, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण तोपर्यंत दर महिन्याला दोन-तीन नवे खड्डे पडत राहतील. आपल्याला पुळ्यांची घाई नाही, खड्ड्यांची आहे."

बाजूच्या उजेडाचं कारणही त्यांनी दाखवलं. ओंकारच्या चेहऱ्यावर मला जे पन्नासेक वण दिसत होते, त्यातले बहुतेक नुसते डाग होते. तपकिरी किंवा लालसर रंग उरलेला, पण पातळी सपाट. बोट फिरवलं तर काही लागत नाही, बाजूने उजेड टाकला तर सावली पडत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर असे डाग हमखास उरतात. उन्हापासून जपलं तर काही महिन्यांत ते फिके पडत जातात. सावली पडणारे, खरोखर खचलेले खड्डे तेव्हा सात-आठच होते. मला हे ऐकून अर्धं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ओंकारच्या आईला घरी येऊन मी मोबाइलच्या टॉर्चने हेच करून दाखवलं. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी हे एकदा करून पाहावं. कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, ते तिथेच कळतं.

दुसरा प्रश्न मी विचारायच्या आधी मॅडमनीच ओंकारला विचारला: "चेहऱ्याला काय लावतोस?" त्याच्या दप्तरातून एक ट्यूब निघाली. मित्राने सांगितलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. लावल्यावर चार दिवसांत लाली उतरायची, चेहरा उजळ दिसायचा, म्हणून तीन-चार महिने तो ती लावत होता. मॅडमनी मला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. तीन औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक होतं क्लोबेटासॉल. हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. ते सूज दाबतं म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि स्टेरॉइडमुळेच एकसारख्या बारीक पुळ्यांचं पीक येतं. बंद केलं की चेहरा भडकतो, मुलगा घाबरून पुन्हा लावतो, आणि चक्र चालू राहतं. अशी मलमं 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असा सरकारी नियम आहे, तरी ती सहज मिळतात. ट्यूबवरच्या घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं, तर ते पुळ्यांसाठी चेहऱ्यावर लावायचं औषध नव्हे, इतकं मी आता पाठ केलं आहे.

ट्यूब त्या दिवशी बंद झाली. पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. चेहरा लालबुंद, आग होणारा. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही टिकलो. या काळात चेहऱ्याला फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची रोज एक गोळी सुरू केली. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. या गोळीने ऊनही जास्त लागतं, म्हणून कॉलेजच्या मैदानावर टोपी.

माझ्या आईचे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते, कारण घरी रोज त्यावरून वाद व्हायचे. पोट साफ नसल्यामुळे येतात का? नाही. पोट साफ असणाऱ्यांनाही येतात. अंगातल्या उष्णतेमुळे? वयात येताना वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे तैलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल करतात, हे मूळ कारण आहे. चेहरा नीट धुत नाही म्हणून? उलट ओंकार दिवसातून सहा-सात वेळा साबणाने धुवायचा आणि त्वचा आणखी चिडायची. दोनदा पुरे. काळ्या टोकांमध्ये मळ नसतो, नळीतल्या द्रव्याचा हवेशी संबंध आल्यावर ते काळं दिसतं, घासून जात नाही. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांना मॅडमनी साफ मनाई केली. मुलतानी मातीने फायदा नाही, पण आठवड्यातून एकदा लावल्याने आकाशही कोसळत नाही, असं म्हटल्यावर आई थोडी शांत झाली. मात्र तिचं आवडतं काम, नातवाच्या डोक्याला रात्री खोबरेल तेल थापणं, ते बंद करावं लागलं. तेल कपाळावर उतरतं आणि तिथल्या नळ्या बुजवतं. लावायचंच तर अंघोळीच्या तासभर आधी लावून धुऊन टाकायचं.

खाण्याबद्दल त्यांचं उत्तर मला पटलं, कारण त्यात टोकाची भूमिका नव्हती. तळलेल्या वड्यामुळे पुळी येते याला चांगला पुरावा नाही. साखर, मैदा, गोड थंड पेयं यांनी रक्तातली साखर झटकन चढते आणि त्याने काही जणांच्या पुळ्या वाढतात. दुधाचाही काही जणांत संबंध दिसतो. ओंकार जिमला जाऊ लागला होता आणि व्हे प्रोटीनची पावडर घ्यायचा, ती मात्र त्यांनी थांबवायला सांगितली. तिने पुळ्या भडकल्याची उदाहरणं त्या नेहमी पाहतात. "पण नुसत्या पथ्याने या गाठी बसणार नाहीत," हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं, म्हणजे घरात ताटावरून भांडणं नकोत.

आग शमल्यावर लावायची औषधं आली. रात्री ॲडापलीन 0.1 टक्के जेल, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. इथे माझा प्रश्न होता, पुळीवर किती लावायचं? पुळीवर लावायचंच नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल घेऊन कोरड्या चेहऱ्यावर सगळीकडे पातळ पसरायचं, डोळे, नाकाच्या बाजू आणि ओठ सोडून. कारण पुळी दिसते त्याच्या कितीतरी आठवडे आधी तिथली नळी बुजायला सुरुवात झालेली असते. जेल त्या न दिसणाऱ्या पुळ्यांसाठी आहे. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. सुरुवातीला कोरडेपणा येतो, सालं निघतात. घाबरून सोडलं तर वाया, जास्त लावलं तरी फायदा लवकर होत नाही. परिणाम बघायला बारा आठवडे द्यायचे. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो हे आम्हाला सांगितलं होतं, म्हणून त्याला पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा दिला. हे पेरॉक्साइड का, तर नुसत्या अँटिबायोटिकला जिवाणू सरावतात, याला सरावत नाहीत. त्यामुळे गोळीबरोबर ते असायलाच हवं, आणि गोळीही साधारण तीन महिन्यांपलीकडे ओढायची नाही.

तीन महिन्यांनी कपाळ जवळजवळ साफ झालं होतं. जबड्यावरच्या गाठी मात्र येतच होत्या, कमी पण येत होत्या, आणि बाजूच्या उजेडात दोन नवे खड्डे दिसले. मॅडमनी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं की, निर्णय पुळ्या मोजून होणार नाही, नवे खड्डे पडतात का यावर होईल. तेव्हा त्यांनी आयसोट्रेटिनॉइनचं नाव काढलं.

हे नाव मी आधी ऐकलेलं होतं आणि जे ऐकलं होतं ते भीतिदायक होतं. म्हणून त्या दिवशी मी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, आणि बाहेर रांग असूनही त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं.

हे नेमकं काय करतं? जीवनसत्त्व अ पासून तयार केलेलं हे औषध तैलग्रंथीच आकसवतं. बाकीची औषधं पुळीच्या एखाद्या टप्प्यावर काम करतात, हे मुळाशी जातं. म्हणूनच खोल गाठी आणि खड्डे पडणाऱ्या मुलांसाठी ते राखून ठेवलेलं असतं.

किती दिवस? त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. एकूण मात्रा दर किलो वजनामागे साधारण 120 ते 150 मिलिग्रॅम धरतात. ओंकारचं वजन 54 किलो, म्हणजे कमीत कमी 6,480 मिलिग्रॅम. पहिला महिना रोज 10 मिलिग्रॅम, पुढे रोज 20. पहिल्या महिन्यात 300 झाले, उरलेल्या 6,180 ला सुमारे 309 दिवस लागतात. म्हणजे एकूण अकरा महिने. एकूण मात्रा पुरी न करता मधेच सोडलं, तर पुळ्या परत येण्याची शक्यता वाढते. सुरुवात कमी मात्रेने का, तर पहिल्या महिन्यात पुळ्या आधी उसळतात. एकदम मोठी मात्रा दिली तर कधी कधी चेहरा, छाती भयंकर फुटते, ताप येतो, सांधे दुखतात. तसं झालं तर वाट न बघता यायचं.

यकृत बिघडतं का? म्हणून तर सुरू करण्याआधी यकृताची आणि चरबीची, विशेषतः ट्रायग्लिसराइडची, रक्ततपासणी होते, आणि नंतर पुन्हा. बहुतेकांचे आकडे ठीक राहतात, वाढले तर मात्रा कमी करतात किंवा थांबवतात.

उंची थांबेल का? ओंकार माझ्यापेक्षा दोन बोटं कमी होता आणि त्याला याचीच जास्त काळजी. पुळ्यांसाठी देतात त्या मात्रेत आणि मुदतीत उंची सहसा खुंटत नाही. हाडांची वाढ थांबल्याची जी उदाहरणं आहेत ती प्रामुख्याने दुसऱ्या आजारांसाठी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिलेल्या औषधाची.

पुढे मुलं होण्यात अडचण? मुलग्यांना नाही. गर्भवती स्त्रीने घेतलं तर मात्र बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून मुलींना हे देताना गर्भधारणेची पूर्ण खबरदारी घेतात, आणि आमच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी असल्याने मॅडमनी बजावलं की हे पाकीट बहिणीच्या हाती पडता कामा नये, तिला पुळी आली म्हणून "दादाची एक गोळी" असं चुकूनही व्हायला नको. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर ओंकारने रक्तदानही करायचं नाही. ते रक्त एखाद्या गर्भवतीला जाऊ शकतं.

आणि मन? हा प्रश्न विचारताना माझा आवाज बदलला असावा. मुलगा महिनोन्‌महिने आरसा टाळत होता, लग्नसमारंभाला यायचा नाही, फोटोत मागे उभा राहायचा. या औषधाने नैराश्य येतं असं मी ऐकलं होतं. मोठ्या अभ्यासांत सरसकट धोका वाढलेला दिसत नाही, चेहरा सुधारतो तसं अनेकांचं मन उलट हलकं होतं. तरीही एखाद्याच्या बाबतीत मूड ढासळू शकतो, म्हणून झोप, भूक, चिडचिड, एकटं बसणं याकडे लक्ष ठेवायचं आणि बदल दिसला की त्याच आठवड्यात कळवायचं, असं त्या म्हणाल्या. मग मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून त्या ओंकारशी एकट्याशी बोलल्या. काय बोलणं झालं ते मी आजवर विचारलेलं नाही. त्यानंतर प्रत्येक भेटीत त्या त्याच्याशी असंच पाच मिनिटं एकट्याशी बोलायच्या.

गोळी जेवणानंतर घ्यायची, आणि जेवणात थोडं तूप-तेल हवं, कारण ती स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषली जाते. डॉक्सिसायक्लिन आधी बंद केली, ती आणि ही एकत्र घेतली तर मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. जोराची डोकेदुखी, उलटी, अंधुक दिसणं यातलं काही झालं तर गोळी थांबवून लगेच यायचं. जीवनसत्त्व अ असलेलं टॉनिकही नको.

दुसऱ्या आठवड्यापासून ओठ फुटायला लागले ते शेवटपर्यंत. साधी व्हॅसलीन खिशात, उशाशी, दप्तरात. मेमध्ये नाकातून दोनदा रक्त आलं, नाकपुड्यांना आतून व्हॅसलीन लावल्यावर थांबलं. जिमनंतर पाठ दुखायची, म्हणून वजनं कमी केली. पहिल्या महिन्यात ठरल्याप्रमाणे उसळी आली. जबड्यावर एक मोठी गाठ झाली, तिच्यात मॅडमनी अगदी सौम्य केलेलं ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड इंजेक्शनने सोडलं आणि दोन-तीन दिवसांत ती बसली. "मलमातलं स्टेरॉइड वाईट, मग हे का?" मी विचारलंच. एका गाठीत, एकदा, मोजून थेंबभर दिलेलं आणि महिनोन्‌महिने सगळ्या चेहऱ्यावर चोळलेलं, यात फरक आहे. जास्त गेलं तर इंजेक्शननेही खड्डा पडतो, म्हणून ते सवय असलेल्या हातानेच द्यायचं. चौथ्या महिन्यानंतर नवी खोल गाठ आली नाही.

कोर्स संपल्यावर पुळ्या परत येऊ नयेत म्हणून रात्रीचं ॲडापलीन पुन्हा सुरू झालं. खड्ड्यांना हात लावायचा तो यानंतर. आधी का नाही, याचं उत्तर सोपं होतं: एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे नवे पडायचे, याला अर्थ नाही. पूर्वी या गोळीनंतर खड्ड्यांच्या सगळ्याच उपचारांना सहा महिने थांबायचे. आता हलक्या उपचारांना इतकं थांबत नाहीत, पण खोल लेझरला घाई करत नाहीत.

उजेड बाजूने टाकून मॅडमनी खड्डे वेगवेगळे ओळखले, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. काही सुई टोचल्यासारखे अरुंद आणि खोल होते. त्यांच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल काडीच्या टोकाने टेकवतात. जागा पांढरी पडते, खपली धरते, ती आपोआप पडू द्यायची. काही रुंद आणि उथळ होते, कातडी खालून तंतूंनी ओढून धरल्यामुळे खचलेले. गादीत दोरा भरतात तिथे कापड आत ओढलं जातं, तसं. तिथे भूल देऊन त्वचेखालून सुईने ते तंतू कापतात, याला सबसिजन म्हणतात. आठवडा-दहा दिवस गाल काळा-निळा राहतो, म्हणून आम्ही ते दिवाळीच्या सुट्टीत केलं. उरलेल्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचणं, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने. लेझर नको का, हा प्रश्न ओंकारचा. सावळ्या त्वचेवर लेझरने काळे डाग उमटण्याचा धोका जास्त, म्हणून आधी हे, आणि गरज पडली तर कमी शक्तीवर, लहान जागेवर बघून. जबड्यावरची एक जागा मात्र उलट वर आलेली, घट्ट आणि खाजरी होती. तिला वेगळं, पुन्हा ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन.

"पूर्ण जातील?" या माझ्या प्रश्नाला त्यांनी नकारार्थी मान हलवली. पूर्वीसारखी कोरी कातडी कुणीच देऊ शकत नाही, जो तसं वचन देतो त्याच्याकडे जाऊ नका. खोली कमी होते, कडा बोथट होतात, बाजूच्या उजेडातली सावली फिकी पडते. कोलॅजन सावकाश भरतं, म्हणून प्रत्येक टप्प्याचा निकाल तीन ते सहा महिन्यांनी, त्याच कोनातून, त्याच उजेडात काढलेल्या फोटोवरून ठरवायचा. सबसिजनचा परिणाम उजव्या गालावर डाव्यापेक्षा चांगला आला आहे. डाव्या गालाचं पुढच्या सुट्टीत पुन्हा करायचं ठरलं आहे. तोवर सनस्क्रीन, रात्रीचं जेल, आणि कुठे गाठ लागली तर नखाने न छेडता फोन करायचा.